परीक्षेचा पेशंट

लालासाहेब शेलार पेशंट म्हणून मिळाले की पोरगी पास, असं सातारच्या त्या हॉस्पिटलच्या होस्टेलवर सगळ्यांना ठाऊक होतं. आहारशास्त्राच्या पदविकेला बसणाऱ्या पोरी एरवी कशावर विश्वास ठेवत नसत. मेसच्या डाळीवर नाही, वॉर्डनच्या घड्याळावर नाही. पण मेढ्याच्या या रिटायर्ड हवालदारावर त्यांचा आंधळा विश्वास होता. परीक्षेच्या सकाळी दोघीतिघी तरी त्यांच्या नावाने नवस बोलायच्या.

त्याचं कारण असं. समुपदेशनाच्या प्रात्यक्षिकाला खरा पेशंट लागतो. मधुमेहाच्या ओपीडीतले चार शहाणे पेशंट विभागाच्या प्रमुख क्रांती मॅडम दरवर्षी बोलावून घ्यायच्या. पोरीने पेशंटसमोर बसायचं, त्याला बोलतं करायचं, तो बदलाच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखायचं आणि त्या टप्प्याला शोभेल तेवढंच पुढे न्यायचं. ज्याच्या मनात बदलाचा विचारही नाही त्याला तक्ता हातात द्यायचा नाही. जो कमरेला पदर खोचून तयार आहे त्याला मधुमेह म्हणजे काय ते सांगत बसायचं नाही. आणि काही झालं तरी उपदेश करायचा नाही. हे सगळं कागदावर फार गोड वाटतं. प्रत्यक्षात समोरचा माणूस गप्प बसतो, नाहीतर "बरं बरं, करतो" म्हणून घड्याळाकडे बघतो, आणि पोरीच्या तळहाताला घाम सुटतो.

लालासाहेब तसं करत नसत. फौजेत राहिलेला माणूस, हुकूम समजायला वेळ लागत नाही. पहिल्या वर्षीच त्यांनी ओळखलं की या पोरींना पेशंटच्या तोंडून काय ऐकायचं असतं. 'मला वाटतं आता काहीतरी केलं पाहिजे' असं पेशंट स्वतःहून म्हणाला की पोरींचा चेहरा खुलतो. बदल दहापैकी किती महत्त्वाचा वाटतो, असा आकडा विचारला की सात-आठ सांगायचा. 'चारच का नाही?' असं विचारलं की नातवंडांचं नाव काढायचं. लालासाहेब हे सगळं इतकं झोकात करायचे की परीक्षकही मान डोलवायचे. त्यात लबाडी म्हणाल तर काडीची नव्हती. लेकींसारख्या पोरी घाबरून समोर बसतात, त्यांचं भलं व्हावं, एवढंच. क्रांती मॅडमना तर ते आदर्श पेशंट वाटत. मॅडम हुशार खऱ्या, पण स्वतःच्या कामाचं फळ समोर दिसायला लागलं की हुशार माणूसही फार खोलात जात नाही.

सबीना बागवानला मात्र गेल्या खेपेला लालासाहेब मिळाले नव्हते. तिला मिळाली होती एक ठसठशीत, हट्टी बाई. त्या बाईने "मी भात सोडनार न्हाई, काय करायचं ते करा" म्हटलं आणि सबीनाचा तोल गेला. भाताने काय होतं, पाय कसे जातात, डोळे कसे जातात, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. बाई उठून गेली. सबीना नापास झाली.

हा दोष तिच्यात लहानपणापासून होता. पलूसच्या बाजारात तिच्या वडिलांचा, जाफरभाईंचा फळांचा गाळा. तिथे बसून ती गिऱ्हाइकाला सांगायची, "काकू, तुम्हाला शुगर आहे ना? मग चिकू कशाला घेताय?" जाफरभाई कपाळाला हात लावायचे. समोरच्याचं चुकतंय दिसलं की लगेच ते सरळ करायला धावायचं, ही तिची खोड, आणि या विषयात तेच पहिलं पाप. नापास झाल्यावर मात्र तिने कंबर कसली. सुट्टीत गाळ्यावर बसून ती गिऱ्हाइकांवर सराव करायची. कुणी म्हणालं, "आंबा बघितला की राहवत न्हाई," की सबीना म्हणायची, "म्हणजे खायचा नाही हे कळतंय, पण जीव ओढतोय." गिऱ्हाईक चक्रावून बघायचं आणि मग आपणहून बोलायला लागायचं. जाफरभाई म्हणाले, "काय गं, तू त्यांचंच त्यांना सांगती आन् ते खूश व्हत्यात!" पोरीला आता ऐकता येतं हे त्यांना कळलं होतं. तिलाही कळलं होतं.

ही तिची शेवटची संधी होती. नियमानेच पुढे बसता येणार नव्हतं. पास झाली तर याच हॉस्पिटलच्या ओपीडीत आहारतज्ज्ञाची जागा क्रांती मॅडमनी तिच्यासाठी धरून ठेवली होती. नापास झाली तर दोन वर्षं पाण्यात आणि पुन्हा पलूसचा गाळा. गाळ्याला ती कमी समजत नव्हती, पण तिला हे काम हवं होतं. मनापासून हवं होतं. आणि चिठ्ठी उघडली तर त्यावर लालासाहेब शेलार. शेजारच्या साक्षीने तिला मिठीच मारली. "झालीस तू पास! मी शेलारआबांना काल भेटले तेव्हा सांगून ठेवलंय, सबीनाची गेल्या वेळी राहिलीय म्हणून."

परीक्षेच्या हॉलमध्ये पडदे लावून दोन जागा केल्या होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई एकट्याच. त्या थोडा वेळ या टेबलाशी बसायच्या, थोडा वेळ पलीकडच्या, आणि शेवटी परत यायच्या. पंधरा मिनिटं संपायला तीन उरली की एक घंटा, संपली की दुसरी.

लालासाहेब खुर्चीत ताठ बसले होते. मिशा कातरलेल्या, पांढरा शर्ट, आणि एवढ्या उन्हाळ्यात पायात बूट. सबीनाने नाव सांगितलं, बोलायला परवानगी मागितली आणि मोकळा प्रश्न विचारला, की तब्येतीच्या बाबतीत हल्ली काय चाललंय. लालासाहेब गाडी सुरू झाल्यासारखे बोलायला लागले. "आता वाटतंय बघा, काहीतरी केलं पायजे. बायको पण म्हणती, आवं, खाण्याकडं बघा." परीक्षकबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. सबीनाने त्यांचं म्हणणं त्यांना परत सांगितलं, त्यांचं कौतुक केलं. सगळं कसं रुळावरून चाललं होतं. परीक्षकबाई समाधानाने उठल्या आणि पडद्यापलीकडे गेल्या.

मग सबीनाने काल दिवसभरात काय काय खाल्लं ते विचारलं. हा प्रश्न प्रत्येक आहारतज्ज्ञ विचारतो, आणि त्याचं उत्तरही लालासाहेबांना पाठ होतं. सकाळी भाकरी आणि मुगाची उसळ, दुपारी भाकरी, मेथीची भाजी, ताक. सांजच्याला पुन्हा तसंच. तक्त्यातून उचलून ठेवल्यासारखं. पण तक्त्यातलं जेवण पोटात कधी जात नाही, हे सबीनाला गाळ्यावर बसून कळलेलं होतं. आणि शिकवलेलंही होतं की नुसतं नाव लिहून घ्यायचं नाही, पदार्थ कसा केला ते विचारायचं. तेल किती, गूळ घातला का. म्हणून तिने सहज विचारलं, "उसळ कशी करतात काकू?"

लालासाहेबांचं पाठांतर तिथे संपलं.

"कशी म्हंजे... करती की." त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "कांदा घालती. मग..."

एक वर्षापूर्वीच्या सबीनाने तिथे दहा प्रश्न विचारले असते. ही सबीना नुसती बसून राहिली. पडद्यापलीकडून दुसऱ्या पोरीचा पटपट बोलण्याचा आवाज येत होता.

"तुम्हाला आठवायला जड जातंय," ती हळूच म्हणाली.

"आठवतंय की गं. त्येच तर." लालासाहेबांचा ताठ कणा जरा खाली आला. आवाज इतका उतरला की सबीनाला पुढे वाकावं लागलं. "थंडीत गेली मनुबाई. हितं कुनाला म्हाईत न्हाई. मॅडमला सांगितलं न्हाई मी."

"कुणाला सांगावंसं वाटलं नाही."

"सांगून काय व्हतंय? लेक पुण्याला. फोन करतो, पप्पा जेवला का म्हणतो, मी म्हणतो जेवलो. काल काय खाल्लं, खरं सांगू? चहा. आन् बिस्किटं. सांजच्याला बी त्येच. चूल पेटवायला गेलो की तिची फुकनी दिसती. मग न्हाई पेटवत."

सबीनाने स्वतःला बजावलं, इथे आपण रडायचं नसतं, ऐकायचं असतं. "त्यांच्याशिवाय घरात जेवण हा प्रकारच उरला नाही."

"व्हय." लालासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात पाठ केलेलं काही नव्हतं. "पोटात टोचायचं ते इंजेक्शन, ते बी तीच टोचायची. माजा हात थरथरतो. फौजेत बंदूक धरली आन् हितं सुईला घाबरतो, म्हणून हसायची. आता सोडलं मी ते. फ्रिजात तसंच पडलंय. कुनासाठी टोचून घ्यायचं?" त्यांनी पाय खुर्चीखाली ओढला. "आन् पायाला जखम झालीया. बुटात खडा गेला व्हता, मला कळलंच न्हाई. पाय बधिरच असतो माजा. आता वास येतोय. म्हणून दोन मोजं घातलेत, पोरींना वास नगं यायला."

सबीनाने नकळत खाली पाहिलं. बुटाच्या फिती सैल होत्या, पाय मावत नसल्यासारख्या. मधुमेहाने पाय बधिर झालेला, इंजेक्शन बंद, जखम वास मारतेय. हा समुपदेशनाचा विषय राहिलाच नव्हता. हे आजच्या आज सर्जनला दाखवायचं होतं. हे तिला तिथल्या तिथे, स्पष्ट कळलं. कळलं नव्हतं असं पुढे तिला कधीही म्हणता आलं नाही.

"आबा, हे डॉक्टरांना दाखवायला पाहिजे. मी सांगू का त्यांना?"

"नगं." लालासाहेबांनी हात पुढे केला, पण तिला लावला नाही. "माज्या पोरी, माजं ऐक. मॅडमला कळलं की पुढल्या साली मला बोलवनार न्हाईत. वरसातनं एक दिवस असतो बघ. तुमी पोरी समोर बसता, आबा कसं हाय, आबा काय वाटतं, म्हणून इचारता. मनुबाई गेल्यापास्नं मला कुनी काय वाटतं म्हणून इचारलेलं न्हाई."

"दवाखाना, इंजेक्शन, पथ्य, यातलं काहीच आता महत्त्वाचं वाटत नाही तुम्हाला."

"न्हाई. शून्य लिही. तुमचं ते दहापैकी आसतं ना? शून्य."

पहिली घंटा वाजली.

तीन मिनिटं. पडद्यापलीकडून खुर्ची सरकल्याचा आणि परीक्षकबाईंच्या चपलांचा आवाज आला. सबीनासमोरच्या कोऱ्या कागदावर टप्पा नव्हता, उद्दिष्ट नव्हतं, आत्मविश्वासाचा आकडा नव्हता. तिच्या कानात एकाएकी वारा भरल्यासारखं झालं. नापास. या वेळी हे सगळं बरोबर करून नापास. बाई येतील, बघतील की पेशंट ढासळून बसलाय आणि पोरगी गप्प आहे. गेल्या वेळीही पेशंट असाच बिनसला होता.

लालासाहेबांनी तिचा चेहरा पाहिला. त्यांना तो चेहरा चांगला ओळखीचा होता, किती पोरींचा पाहिला होता. त्यांनी खांदे मागे घेतले, मिशीवरून हात फिरवला आणि कुजबुजले, "तुजी गेल्या टायमाला राहिली व्हती न्हवं? साक्षी म्हणत व्हती. इचार आता. आल्या बघ मॅडम. इचार, मी सांगतो."

पडदा बाजूला झाला. परीक्षकबाई येऊन बसल्या.

माणसाच्या आयुष्यात अशी वेळ येते तेव्हा ढोल वाजत नाहीत. वाजले असते तर बरं झालं असतं. सबीनाने कागद सरळ केला आणि विचारलं, "आबा, शून्य ते दहा अशी पट्टी धरली, तर खाण्यापिण्यात बदल करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?"

"आठ," लालासाहेब खणखणीत आवाजात म्हणाले.

"आठ. पाच का नाही? आठच का?"

"नातवाच्या लग्नात नाचायचंय मॅडम. पाय शाबूत पायजेत."

लालासाहेबांना नातू नव्हता. सबीनाला ते माहीत नव्हतं, पण खोटं आहे हे माहीत होतं, आणि तिने ते कौतुकाने उचलून धरलं. दोघांनी मिळून दिवसातले दोन चहा बिनसाखरेचे करायचं ठरवलं. सोमवारपासून. जमेल याची खात्री किती? सात. अडचण काय येईल? पाहुणे आले तर. मग काय कराल? सबीनाने सगळ्याचा सारांश सांगितला, सारांशात शब्द चपखल बसले, आणि दुसरी घंटा वाजली. लालासाहेबांनी टेबलाखालून अंगठा वर केला. तो तिच्यासाठी होता.

तोंडी परीक्षा लगेच शेजारच्या खोलीत. परीक्षकबाई आणि क्रांती मॅडम दोघी बसल्या होत्या. परीक्षकबाई वयस्क, शांत, बोलताना चष्मा काढून हातात धरायच्या.

"टप्पा कोणता लिहिलात?"

"तयारीचा, मॅडम."

"असं? मी परत आले तेव्हा मला त्यांचा चेहरा वेगळा वाटला. मला वाटलं, अजून विचारही करत नसतील ते, आणि तुम्ही त्यांना तिथेच राहू दिलंय." बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तसं असतं तरी काही बिघडलं नसतं हं. त्या टप्प्यावर उद्दिष्ट ओढून काढायचं नसतं. पेशंटने मन मोकळं केलं, पुन्हा भेटायला तयार झाला, एवढ्यालाही मी पूर्ण मार्क देते. हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"हो, मॅडम," सबीना म्हणाली. तिचे कान तापले होते. हे तिला माहीत होतं. पुस्तकात होतं, वर्गात झालं होतं, तिने स्वतः साक्षीला समजावून सांगितलं होतं. नेमक्या त्या तीन मिनिटांत तेवढंच डोक्यातून गेलं होतं.

"मी पलीकडे होते तेव्हा ते काही महत्त्वाचं बोलले का?"

आणि क्रांती मॅडम म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवायला लागेल असं काही? तसं असेल तर आत्ताच सांग. पेशंट अजून इथेच आहेत."

इथे खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललं की त्याच्या आधीचं सगळं खोटं ठरत होतं. आठ खोटं, सोमवार खोटा, सारांश खोटा. आणि खोटं माहीत असून बाईंसमोर मांडलं, हे नापास होण्याहूनही वाईट. सबीनाने मनात हिशेब केला, की आबा इथेच आहेत, अजून दोन पोरींसमोर बसायचेत, परीक्षा संपली की त्यांना गाठून स्वतःच डॉक्टरांकडे नेऊ. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा किती सोयीचं बोलतो!

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "ते तयार आहेत."

परीक्षा संपल्यावर ती धावत गेली. पेशंटना पोहे आणि चहा देऊन सोडलं होतं. लालासाहेब मेढ्याच्या गाडीने गेले होते. साक्षी नाचत होती, तिलाही तेच मिळाले होते, तिलाही त्यांनी आठच आकडा सांगितला होता.

सबीना पास झाली. समुपदेशनात वर्गात सगळ्यात जास्त मार्क तिला होते, आणि त्या दिवशी ती होस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडली. पोरींना वाटलं आनंदाने. निकाल लागेपर्यंत तिने कुणाला सांगितलं नाही, कारण निकाल लागायचा होता. लागल्यावर सांगितलं नाही, कारण लागला होता. मधे एकदा तिने ओपीडीच्या नोंदीतून नंबर काढून फोन केला. लालासाहेब म्हणाले, "समदं बेस हाय, पोरी. बिनसाखरेचा चहा चालू हाय." तिने पायाचं विचारलं तर म्हणाले, "वाळला." तिला ते खरं मानायचं होतं. म्हणून तिने मानलं.

मेढ्याला जाता आलं असतं. साताऱ्यापासून असं कितीसं लांब? ती गेली नाही. का गेली नाही, याला काही कारण नाही. जाणं म्हणजे आपण काय केलं ते बघणं, आणि ते बघायची तिची छाती झाली नाही.

श्रावणात ती ओपीडीत रुजू झाली. पांढरा कोट, नावाची पाटी. जाफरभाई पलूसहून डाळिंबांची पेटी घेऊन आले आणि क्रांती मॅडमच्या टेबलावर ठेवून हात जोडून उभे राहिले. तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

गणपती गेले आणि पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डातून बोलावणं आलं. मधुमेहाचा पेशंट, ऑपरेशननंतर जेवत नाही, आहारतज्ज्ञाने बघावं. शेजाऱ्यांनी दाराची कडी तोडून आणलेला. पाय काळा पडला होता, गुडघ्याच्या वरून कापावा लागला होता, आणि डॉक्टर म्हणत होते की विष रक्तात गेलंय, दुसऱ्या पायाचंही काही खरं नाही. केसपेपरवर नाव वाचायच्या आधीच तिला माहीत होतं.

लालासाहेब खाटेवर पडले होते. मिशा वाढून तोंडावर आल्या होत्या. चादर एका बाजूला सपाट होती. शेजारच्या स्टुलावर जेवणाचं ताट झाकलेलं, हात न लावलेलं. तिला पाहताच त्यांचे डोळे मात्र लकाकले. "आगं, पास झालीस न्हवं? मला वाटलंच व्हतं."

सबीना दुसरं स्टूल ओढून बसली. तिच्या तोंडून सगळं एकदम फुटलं. "आबा, माझं चुकलं. मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मॅडमनी विचारलं होतं मला. तुम्ही तिथंच होता, शेजारच्या खोलीत, आणि मी नाही म्हणाले. मी पास व्हायला तुमचा पाय घालवला, आबा."

"आसं नगं बोलू." लालासाहेबांनी सलाइनच्या नळ्या लावलेला हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. हात भाजण्याइतका गरम होता. "मीच म्हनलो ना, इचार म्हणून? मी न्हाई कुनाला सांगत. तू नोकरी कर बिनघोर."

हे ऐकणं तिला कुठल्याही शिवीपेक्षा जड गेलं. तिने डोळे पुसले. निदान आता तरी, ती मनात म्हणाली. निदान आता तरी हा माणूस खरं बोलू दे, मी ऐकेन, मग जे व्हायचं ते होवो. औषधं घ्यायची नसतील तर तसं म्हणू दे, मरायचं असेल तर तेही म्हणू दे, पण एकट्याने नको. ती पुढे वाकली आणि त्या दिवशीसारख्याच हलक्या आवाजात म्हणाली, "आबा, आज परीक्षा नाही. मार्क नाहीत. तुम्हाला आत्ता खरंच काय वाटतंय?"

लालासाहेबांनी तिच्या कोटाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून दाराकडे. तिथे क्रांती मॅडम नव्या वर्षाच्या पोरींना घेऊन वॉर्डात शिरत होत्या, हातात वह्या, चेहरे घाबरलेले. लालासाहेबांना सगळं समजलं. सगळं चुकीचं समजलं. त्यांनी डोळ्यांनीच तिला धीर दिला, कोपरावर जोर देऊन, दात आवळून, ते अर्धे उठून बसले.

"नको, आबा. नका उठू. त्या माझी परीक्षा घ्यायला नाही आल्या."

"व्हय व्हय," ते हळूच म्हणाले. "म्हाईत हाय मला."

मॅडम खाटेजवळ आल्या. सबीना उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत बोलली. "मॅडम, परीक्षेच्या दिवशी यांनी मला सांगितलं होतं. इंजेक्शन सोडलंय, पायाला जखम आहे, काकू गेल्यात. तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोलले."

पोरींच्या वह्या खाली आल्या. क्रांती मॅडम आधी सबीनाकडे आणि मग चादरीच्या सपाट बाजूकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पडला. किती वर्षांच्या परीक्षा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असतील, कोण जाणे. "शेलार," त्या कशाबशा म्हणाल्या, "खरं आहे हे?"

"न्हाई ओ, मॅडम. पोरगी घाबरलीया." लालासाहेबांचा आवाज थरथरत होता, पण शब्द एकेक सुटा येत होता. "तिनं लय चांगलं समजावलं व्हतं. मीच चुकलो. आता मातर काहीतरी केलं पायजे, आसं माजं मलाच वाटाय लागलंय. मी तयार हाय. सोमवारपास्नं सुरू करतो."

त्यांच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते. त्यांनी झाकलेलं ताट जवळ ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तोंडात घालून, सबीनाकडे बघत, चावायला लागले. घास त्यांना गिळता येत नव्हता.